फोडशी, आजीचं नाव आणि नकाशावरचा ठिपका

प्रश्न: मी मुंबईत पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. आरेतल्या आणि नॅशनल पार्काजवळच्या पाड्यांवर जाऊन वारली आज्यांकडून रानभाज्यांची माहिती घेते आणि तीच माझ्या प्रबंधाचा पाया आहे. त्या जे सांगतात ते शास्त्रीय माहिती म्हणून कसं वापरायचं? संमती कशी घ्यायची, आणि श्रेय कुठे, कोणत्या शब्दांत द्यायचं? माझे मार्गदर्शक म्हणतात, आभारात एक ओळ पुरे.

उत्तर:

आभाराची ओळ पुरत नाही. ती का पुरत नाही हे एकाच भाजीवरून सांगतो, कारण सगळ्या रानभाज्या एकदम घेतल्या तर तुमच्या हाती फक्त यादी येते, आणि तशा याद्या भरपूर झाल्या आहेत. भाजी घेऊ फोडशी. कुणी तिला कुळी म्हणतं, कुणी कोळी, कुणी कवळी. पहिल्या पावसानंतर गवतासारखी लांब पानं वर येतात. ती खुडायची, खालचा पांढरा भाग आणि आतला जून दांडा काढून टाकायचा आणि कांद्यावर परतायची.

ही मंडळी क्लोरोफायटम या प्रजातीतली. त्यातल्या एका जातीचं शास्त्रीय नाव आहे क्लोरोफायटम बोरिविलिएनम. हे नाव आपल्या बोरिवलीवरून पडलं. १९५० च्या दशकात फादर सांतापाव आणि आर. आर. फर्नांडिस यांनी या जातीचं वर्णन केलं, म्हणून वनस्पतीच्या पूर्ण नावामागे त्या दोघांची नावं कायमची लागली. बाजारात हिलाच सफेद मुसळी म्हणतात. गाव नावात आलं, शास्त्रज्ञ नावात आले. या झाडोऱ्याची पानं पिढ्यान्‌पिढ्या खुडणाऱ्या बायांना मात्र त्या नावात जागा नव्हती, कारण नामकरणाच्या नियमांत तशी सोयच नाही. सांतापावांचा त्यात दोष नाही. पण तुमच्या प्रबंधात सोय करणं तुमच्या हातात आहे.

आता कामाकडे. पहिली अडचण ओळखीची येते. जूनमध्ये फोडशी खुडतात तेव्हा तिला फक्त पानं असतात आणि क्लोरोफायटमच्या जाती नुसत्या पानांवरून खात्रीने सांगता येत नाहीत. त्यासाठी फुलं लागतात आणि ती पाऊस मुरल्यावर येतात. मी पहिल्या वर्षी जूनमध्ये गेलो आणि वहीत एकच नाव लिहून परतलो. पुढच्या वर्षी एका आजीने मला हाताला धरून दोन जागी नेलं. एक रुंद पानाची, एक अरुंद पानाची. “ही आधी येते, ही मऊ शिजते,” एवढंच तिने सांगितलं. मी दोन्हींना खुणेच्या काड्या लावल्या आणि फुलं आल्यावर पुन्हा गेलो. त्या दोन निराळ्या जाती निघाल्या. माझ्या आधीच्या वर्षाच्या सगळ्या नोंदी दोन जातींची खिचडी होत्या आणि ती चूक पुस्तकाने नाही, आजीने पकडली. म्हणून नियम असा ठेवा: जी बाई दाखवते तिच्या शब्दांतलं नाव आणि तिने सांगितलेला फरक आधी जसाच्या तसा लिहायचा, वारली बोलीत, देवनागरीत. शास्त्रीय नाव फुलं पाहिल्यावर, वेगळ्या रकान्यात. एका बोलीनावाखाली दोन जाती असू शकतात आणि एका जातीला तीन पाड्यांवर तीन नावं असू शकतात. दोन्ही रकाने एकात मिसळले की नंतर सोडवता येत नाहीत.

दुसरी अडचण काळाची. “कधी येते?” विचारलं की उत्तर तारखेत येत नाही. रोहिणीत येते, मिरगात चांगली होते, आर्द्रा लागल्या की जून होते. रोहिणी मेच्या अखेरीस, मृग जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर, आर्द्रा जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर, म्हणजे प्रत्येक नक्षत्र साधारण १३-१४ दिवसांचं. तुम्ही ‘८ जून’ लिहिलं तर तिने न दिलेली नेमकेपणाची मोहोर तुम्ही मारली. नक्षत्र लिहा, शेजारी तारखांचा पट्टा लिहा. पट्टा रुंद वाटेल, पण तो खरा असेल.

“पूर्वी पुष्कळ मिळायची” हे वाक्य तुम्हाला प्रत्येक घरात मिळेल आणि ते जसंच्या तसं प्रबंधात गेलं तर परीक्षक हसतील, ते योग्यच ठरेल. ते वाक्य खोटं नसतं, पण मोजता येईल असंही नसतं. मी असं विचारतो: तुमचं लग्न होऊन इथे आलात तेव्हा एका वेळच्या भाजीला किती वेळ लागायचा? आणि गेल्या पावसात किती लागला? कुठवर चालावं लागायचं? रस्ता व्हायच्या आधी, त्या टॉवरचं काम सुरू व्हायच्या आधी? वेळ आणि चाल या दोन गोष्टी बायकांच्या ध्यानात पक्क्या असतात, कारण घरी परतून कामावर जायचं असतं. आणि हे घोळक्यात विचारू नका. घोळक्यात सर्वांत मोठ्या आवाजाचं उत्तर सगळ्यांचं होतं. एकेकीला वेगळं विचारा, आणि दोघींची उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही छापा. एक पाडा म्हणजे एक मत नसतं.

यातून जे हाती लागतं ते तपासून पाहण्याजोगं म्हणणं असतं, तुमच्या स्वतःच्या कल्पनेइतकंच. फोडशीच्या बाबतीत मी ऐकलेलं म्हणणं असं: पानं खुडायची, मुळाला हात लावायचा नाही, आणि पहिली भाजी देवाला दाखवल्याशिवाय घरात कुणी खायची नाही. पहिल्या भागामागचं कारण वनस्पतीच्या रचनेत सापडतं. जमिनीखाली मांसल मुळांचा झुबका असतो आणि तो एका चकतीसारख्या कोंबाच्या गड्ड्याला जोडलेला असतो. नवा कोंब त्या गड्ड्यातून येतो, सुट्या मुळातून येत नाही. मुसळीची लागवड करणारे शेतकरीही म्हणूनच मुळाबरोबर गड्ड्याचा तुकडा ठेवतात. पान खुडलं तर झाड पुन्हा पान काढतं, गड्डा उपटला तर ते झाड गेलं, आणि बियांची उगवण कमी असल्याने जागा लवकर भरत नाही. बाजारात हे डोळ्यांना दिसतं. जुड्यांत नुसती पानं असतील तर खुडलेली आहेत, खाली मुळं लोंबत असतील तर उपटलेली. दादरच्या किंवा बोरिवलीच्या बाजारात जूनमध्ये सलग चार रविवार उभं राहून अशा जुड्या मोजल्या तरी तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण होईल.

दुसरा भाग, देवाला दाखवण्याचा, मी ‘श्रद्धा’ म्हणून बाजूला टाकला नाही आणि ‘हे तर संवर्धनच आहे’ असंही म्हटलं नाही. त्याचा परिणाम काय होतो तेवढं पाहिलं: खुडणी सगळीकडे एकदम कोवळ्या पानांवर सुरू होते की काही दिवस पुढे जाते? त्यासाठी एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन आखले. जागा आज्यांनी निवडल्या, मी नाही. अर्धे चौकोन नेहमी खुडल्या जाणाऱ्या जागी, अर्धे कुणी फारसं जात नाही अशा जागी. जूनमध्ये कोंब मोजले, सप्टेंबरात फुलून गेलेले दांडे मोजले, आणि पुढच्या जूनला पुन्हा तेच चौकोन. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका. पाऊस उशिरा आला तर सगळेच आकडे हलतात आणि तुम्ही ते खुडणीच्या नावावर टाकून मोकळ्या व्हाल. प्रबंधाला दोनच पावसाळे मिळतात हे मला माहीत आहे. मग तेवढंच म्हणा जेवढं दोन पावसाळे सांगतात.

लिहिताना एक वाक्य टाळा: “पारंपरिक समजुतीला विज्ञानाने दुजोरा दिला.” त्यात आजी परीक्षार्थी होते आणि तुम्ही परीक्षक. तिने जागा निवडल्या, फरक ओळखला, प्रश्न दिला. ती या कामात तुमच्या बाजूला बसलेली आहे, तसंच लिहा.

आता संमती. कागदावर अंगठा घेऊन झालं की संमती झाली असं बहुतेक समित्यांना वाटतं. मी ती तीन वेगळ्या प्रश्नांत विचारतो, कारण तीनही गोष्टींना एकच माणूस तीन वेगळी उत्तरं देऊ शकतो. हे माझ्या अभ्यासात वापरू का? तुमचं नाव छापू का? जागा सांगू का? पहिल्याला बहुतेक जणी हो म्हणतात. दुसऱ्याला कुणी हो म्हणतं, कुणी “मुलाला विचारते” म्हणतं. तिसऱ्याला मी आता ‘हो’ मिळालं तरी जागा छापत नाही, त्याचं कारण पुढे येईल. हे एकदा विचारून भागत नाही. पहिल्या भेटीत विषय सांगायचा, पाड्यावरच्या बैठकीत सगळ्यांसमोर पुन्हा सांगायचा, आणि लिखाण तयार झाल्यावर ते मराठीत वाचून दाखवून तेच तीन प्रश्न परत विचारायचे. त्या तिसऱ्या भेटीत माझ्या लिखाणातून दोन परिच्छेद गेलेले आहेत. एक औषधी उपयोगाचा होता. आजी म्हणाली, “हे तुला सांगितलं, सगळ्यांना नाही.” मी तो परिच्छेद काढला, आणि वहीत त्या पानावर खूण केली की हे माझ्यानंतर वही हाती घेणाऱ्यानेही छापू नये.

वेळेबद्दल एक गोष्ट. आरेतल्या कित्येक बाया सकाळी गोरेगाव-पवईच्या इमारतींत घरकामाला जातात. तुमच्या सोयीने सकाळी दहाला गेलात तर तुम्हाला घरी असलेले पुरुष भेटतील आणि तुमच्या प्रबंधात फोडशीबद्दल पुरुष बोलतील. दुपारनंतर जा. जिने तुमच्याबरोबर अर्धा दिवस रानात घालवला तिला तिच्या बुडालेल्या रोजाएवढे पैसे त्याच दिवशी द्या. ते वेळेचे पैसे आहेत. संमतीशी त्यांचा संबंध जोडू नका, आणि ‘नाही’ म्हणणारीलाही गेलेल्या वेळेचे द्या.

आता जागेचं. मी सुरुवातीच्या एका अहवालात मुसळीच्या जागांचा नकाशा छापला होता. सद्‌भावनेने, कारण ‘संवर्धनासाठी ठिकाणं नोंदलेली हवीत’ असं मला शिकवलं होतं. पुढच्या पावसाळ्यानंतर गेलो तर दोन जागी नुसते खड्डे. मुसळीच्या वाळवलेल्या मुळांना औषधाच्या बाजारात भाव असतो. माझा अहवाल खणणाऱ्यांच्या हाती पडला हे मी सिद्ध करू शकत नाही. पण पाड्यावरच्या लोकांना शंका नव्हती, आणि ज्या काकींनी मला त्या जागा दाखवल्या होत्या त्या मला पुन्हा रानात घेऊन गेल्या नाहीत. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. तेव्हापासून जागा माझ्या लिखाणात येत नाहीत.

हे नुसतं ‘थोडं अंदाजे लिहा’ म्हणून सुटत नाही. अक्षांश-रेखांशात दशांशानंतर तीन आकडे ठेवले तर तुम्ही साधारण शंभर मीटरच्या आत आणून सोडता. दोन ठेवले तर किलोमीटरभरात. अख्खी आरे तेराएक चौरस किलोमीटरची, म्हणजे दोन आकड्यांनीही पाडा ओळखू येतो. म्हणून प्रबंधात ‘उत्तर मुंबई’ एवढंच लिहा. नेमक्या जागा वेगळ्या वहीत ठेवा आणि ती वही कुणाला दाखवायची हे पाड्याला ठरवू द्या. मोबाइलच्या फोटोत ठिकाण आपोआप साठतं हे लक्षात ठेवा, निसर्गनोंदींच्या ॲपवर चढवण्याआधी ते काढा.

मुंबईत याला आणखी एक बाजू आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. तिथे अभ्यासासाठी तुम्हालाही मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि काही तोडून आणणं परवानगीशिवाय चालत नाही. आरेतलीही सुमारे ८०० एकर जमीन २०२० मध्ये राखीव वनासाठी जाहीर झाली. अशा ठिकाणी “अमुक पाड्यावरच्या अमुक बाई उद्यानाच्या हद्दीत अमुक नाल्याकाठी फोडशी खुडतात” हे वाक्य श्रेय म्हणून लिहिलंत, तरी वाचणारा ते जबाब म्हणून वाचू शकतो. नैतिकतेच्या समित्या यावर उपाय सांगतात तो म्हणजे सगळ्यांची नावं गाळा, ‘माहितीदार क्र. ७’ लिहा. त्याने बाई सुरक्षित होते आणि पुसलीही जाते. मी दोन गोष्टी वेगळ्या करतो. ज्ञानाला नाव देतो, तोडणीला देत नाही. “फोडशीच्या दोन प्रकारांतला फरक आजींनी दाखवला” इथे तिचं नाव, तिची संमती असेल तर पूर्ण नाव. “खुडणी कुठे, किती, कधी होते” हे सगळ्या घरांचं मिळून, नावाशिवाय, पाड्याशिवाय. एकाच परिच्छेदात नाव आणि जागा येता कामा नये, आणि दोन परिच्छेद जोडून वाचले तरी जुळता कामा नयेत. प्रबंध पूर्ण झाल्यावर एकदा फक्त याच नजरेने वाचा. एखाद्या मैत्रिणीला द्या आणि सांगा, यातून बाई कुठे राहते ते शोध. तिला सापडलं तर पुन्हा लिहा.

कायद्याचं थोडक्यात. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे भारतीय विद्यार्थ्याला निव्वळ अभ्यासासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागत नाही. परदेशी व्यक्ती किंवा संस्था सहभागी असेल, किंवा निष्कर्ष पैशाच्या मोबदल्यात बाहेर जात असतील, तर लागू शकते, आणि तेव्हा आधी राज्य जैवविविधता मंडळाकडे विचारा. वनहक्क कायदा, २००६ मध्ये जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मान्य केलेला आहे. पण तुमच्यासारख्या अभ्यासकाने नाव कसं द्यावं, परत काय द्यावं, हे यातला कुठलाच कायदा सांगत नाही.

‘समूह’ म्हणजे कोण हा प्रश्न केरळच्या काणी लोकांच्या बाबतीत उघडा पडला. १९८७ मध्ये शास्त्रज्ञांबरोबर डोंगरात फिरताना काणी वाटाडे एक फळ खाऊन ताजेतवाने राहत होते. ती वनस्पती आरोग्यपच्चा. त्यातून जीवनी नावाचं औषध झालं, १९९० च्या दशकात ते एका औषध कंपनीला दहा लाख रुपये आणि दोन टक्के स्वामित्वधनावर दिलं गेलं, आणि मिळालेल्या रकमेतला अर्धा वाटा काणींच्या विश्वस्त संस्थेला ठरला. जगात याचं कौतुक झालं. पण काणी अनेक ठिकाणी पसरलेले आहेत आणि सगळ्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांच्यातूनच नाराजी निघाली. तुमच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच: एका पाड्याने हो म्हटलं की ‘वारली समाजाच्या संमतीने’ असं लिहू नका. ज्या घरांनी हो म्हटलं, ‘तितक्या घरांच्या संमतीने’ लिहा.

आता श्रेय नेमकं कुठे. माझ्या मते तीन ठिकाणी, आणि आभार या तिन्हींनंतर. एक, मजकुरात, जिथे त्यांनी सांगितलेली गोष्ट येते तिथेच, जसा आपण एखाद्या तज्ज्ञाच्या तोंडी माहितीचा उल्लेख करतो: नाव, ‘तोंडी माहिती’, वर्ष. दोन, पद्धतीच्या प्रकरणात, कुणी काय केलं ते क्रियापदांसह: जागा निवडल्या, प्रकार वेगळे केले, मोजणीत बसल्या. ‘स्थानिकांच्या सहकार्याने’ हा शब्दप्रयोग वापरू नका, त्यात कुणीच काहीच केलेलं नसतं. आणि तीन, लेखकांच्या यादीत. प्रबंध तुमच्या एकटीच्या नावावर जाणार, ते विद्यापीठाचे नियम आहेत. पण त्यातून शोधनिबंध निघाला तर जिने प्रश्न आणि जागा दिल्या, आणि वाचून दाखवलेलं लिखाण ऐकून दुरुस्त्या सांगितल्या, ती सहलेखक आहे. नियतकालिकं अंतिम मसुद्याला लेखकाची मान्यता मागतात. वाचून दाखवून घेतलेली मान्यताही मान्यताच आहे, तसं संपादकांना कळवा. मार्गदर्शक आधी नाखूश असतील. त्यांना तुमच्या वहीतलं ते पान दाखवा जिथे फरक आजीने ओळखला आहे.

आणि नमुना. फुलं आलेलं एक झाड वाळवून, परवानगीने, हर्बेरियममध्ये जमा करा. सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम तुम्हाला जवळ आहे. सांतापावांचं कामही तिथलंच. मुळाचा गड्डा जमिनीत राहू द्या आणि चिठ्ठीवर तसं नमूद करा, नाहीतर पुढचा अभ्यासक नमुना अपुरा समजेल. चिठ्ठीवर ‘संग्राहक’ असा एकच रकाना असतो, तिथे तुमचं नाव येईल. खाली टिपणाच्या जागेत लिहा: बोलीनाव कोळी, रुंद पानाची, ओळख पटवणार अमुक, भाषा वारली. ठिकाण: उत्तर मुंबई. आणि ती चिठ्ठी चिकटवायच्या आधी एकदा पाड्यावर नेऊन आजीला वाचून दाखवा, कारण कागदावरचं नाव ती कसं लिहवून घेते, माहेरचं की सासरचं, हे तुम्हाला अजून माहीत नाही.